इटलीतील कोंदोमीनियोच्या सभेची नोटीस आणि इतिवृत्त मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोरीनो, मिलान किंवा रोमसारख्या शहरात सदनिका घेतलेल्या मराठी कुटुंबांकडे वर्षातून किमान एकदा इटालियन भाषेतली दोन कागदपत्रे येतात: सभेची नोटीस (अव्वीझो दि कॉन्वोकात्सिओने) आणि सभेनंतरचे इतिवृत्त (वेर्बाले). सदनिका मुलाच्या नावावर आणि पैसे आईवडिलांचे असले, की त्यांचे भाषांतर पुण्यापर्यंत किंवा सांगलीपर्यंत पोहोचवावे लागते. पुढील उत्तरे असे भाषांतर करणाऱ्यांसाठी आणि ते वाचणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरणादाखल बारा मालकांची एक काल्पनिक इमारत घेतली असून तिचे आकडे सर्व उत्तरांत तेच ठेवले आहेत.

कोंदोमीनियोला ‘सोसायटी’ म्हटले तर चालेल का?

बोलताना चालेल, परंतु भाषांतरात टाळावे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत संस्था ही मालक असते, सभासदाकडे भागदाखला असतो आणि प्रत्येक सभासदाला एक मत असते. इटलीत सदनिका थेट मालकाच्या नावावर असते; जिना, छप्पर, दर्शनी भिंत, लिफ्ट अशा सामायिक भागांत त्याचा अविभाज्य हिस्सा असतो आणि मतदानात त्या हिश्श्याचे वजन मोजले जाते. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी रचना महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, 1970 खालच्या इमारतींत आढळते, कारण तेथेही अविभक्त हिश्श्याची टक्केवारी घोषणापत्रात नोंदवलेली असते. म्हणून ‘कोंदोमीनियो’ हा शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा ‘सदनिकाधारकांची सामायिक मालकीची इमारत’ असा खुलासा करणे सोयीचे ठरते. ‘कोंदोमिनो’ म्हणजे मात्र इमारत नव्हे, तर तिच्यातील एक मालक; एका अक्षराच्या फरकाने वाक्याचा कर्ताच बदलतो, तेव्हा येथे नजर ठेवावी.

‘अम्मिनिस्त्रातोरे’ म्हणजे सचिव की प्रशासक?

दोन्ही नव्हे. सचिव हा सभासदांपैकीच निवडलेला असतो आणि ‘प्रशासक’ म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला समिती बरखास्त करून निबंधकाने नेमलेला अधिकारी आठवतो. त्यामुळे इमारतीत काही गैरव्यवहार झाल्याचा समज होतो. अम्मिनिस्त्रातोरे हा मोबदला घेऊन काम करणारा, सहसा बाहेरचा व्यावसायिक असतो आणि मालकांची संख्या आठपेक्षा जास्त असेल तर त्याची नेमणूक कायद्यानेच बंधनकारक आहे. ‘व्यवस्थापक’ हा शब्द पुरेसा आहे. इतिवृत्तात मात्र ‘सेग्रेतारिओ’ हा शब्दही येतो; तो त्या एका सभेपुरता टिपण घेणारा असतो, म्हणून त्याला ‘सभेचा लेखनिक’ म्हणावे. पुष्कळदा हे काम व्यवस्थापकच करतो.

नोटिशीत सभेच्या दोन तारखा का असतात आणि त्या दोन्ही भाषांतरात द्याव्यात का?

दोन्ही द्याव्याच लागतात. आपल्या सोसायटीच्या नोटिशीत ‘गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल’ असे एक वाक्य ठरलेले असते आणि भाषांतरकार सवयीने तेच वाक्य येथे उतरवतो. इटलीत तसे करता येत नाही. पहिली बोलावणी (प्रीमा कॉन्वोकात्सिओने) आणि दुसरी बोलावणी (सेकोन्दा कॉन्वोकात्सिओने) एकाच दिवशी असू शकत नाहीत. दुसरी सभा पहिलीनंतर वेगळ्या दिवशी आणि जास्तीत जास्त दहा दिवसांच्या आत भरावी लागते. पहिल्या बोलावणीची अट इतकी कडक आहे की ती पुरी होणार नाही असेच सारे धरून चालतात, आणि म्हणून तिची वेळ पहाटे सहा किंवा रात्री साडेअकरा अशी कोणीही येणार नाही अशी दिलेली असते. ती छपाईतली चूक समजून सुधारू नये.

आपल्या उदाहरणात पहिली बोलावणी 12 मे 2025 रोजी सकाळी सहाला आणि दुसरी 13 मे रोजी रात्री साडेआठला आहे. प्रत्यक्षात सगळे 13 तारखेला जमणार, म्हणून ‘सभा 13 मे रोजी आहे’ एवढेच भाषांतर केले, तर वाचकाचे एक नुकसान होते. नोटीस पहिल्या बोलावणीच्या तारखेआधी किमान पाच दिवस मालकाच्या हाती पोहोचली पाहिजे, असा नियम आहे. समजा, ती 8 मे रोजी पोहोचली. तेरा तारखेपासून मागे मोजले तर पाच दिवस भरतात. बारा तारखेपासून मोजले तर चारच भरतात आणि नोटीस उशिराची ठरते. ज्याच्यापर्यंत नोटीस उशिरा पोहोचली, तो गैरहजर राहून पुढे ठरावाला आव्हान देऊ शकतो. परंतु पहिली तारीखच भाषांतरातून गळली असेल, तर हे त्याच्या लक्षात येणार नाही. नोटीस नोंदणीकृत टपालाने, प्रमाणित ई-मेलने, फॅक्सने किंवा हातोहात द्यायची असते. पोचेची तारीख आणि मार्ग भाषांतराच्या डोक्यावर लिहून ठेवावा.

‘गणपूर्ती’ हा एकच शब्द पुरेल का?

पुरणार नाही, कारण इटालियन कागदात क्वोरुम दोन प्रकारचा असतो. सभा वैध रीतीने भरण्यासाठी लागणारा तो ‘क्वोरुम कोस्तितुतीवो’. त्याला ‘गणपूर्ती’ म्हणावे. ठराव मंजूर होण्यासाठी लागणारा तो ‘क्वोरुम देलिबेरातीवो’. त्याला ‘मंजुरीसाठी आवश्यक बहुमत’ म्हणावे. दोन्ही ठिकाणी ‘गणपूर्ती’ लिहिले तर इतिवृत्त वाचणाऱ्याला वाटते, की सभा भरली म्हणजे ठरावही आपोआप वैध झाले.

दोन्ही गोष्टी पुन्हा दोन मापांनी मोजल्या जातात: मालकांची डोकी आणि त्यांचे हजारांश, म्हणजे इमारतीचे मूल्य एक हजार धरून त्यातला प्रत्येकाचा हिस्सा. नागरी संहितेच्या कलम 1136 नुसार पहिल्या बोलावणीत निम्म्याहून अधिक मालक आणि इमारतीच्या मूल्याचा दोन तृतीयांश हिस्सा हजर हवा. दुसऱ्या बोलावणीत एक तृतीयांश मालक आणि एक तृतीयांश मूल्य पुरते, आणि साधा ठराव उपस्थितांच्या बहुमताने संमत होतो, मात्र त्या बहुमताकडे किमान एक तृतीयांश मूल्य असावे लागते. व्यवस्थापकाची नेमणूक किंवा मोठ्या प्रमाणावरची दुरुस्ती यांसाठी, बोलावणी कोणतीही असो, उपस्थितांचे बहुमत आणि किमान निम्मे मूल्य लागते. सामायिक भागात काही नवीन करायचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘इन्नोवात्सिओने’, तर सर्वसाधारणपणे दोन तृतीयांश मूल्य लागते.

‘उपस्थित’ या शब्दात स्वतः आलेले आणि प्रतिनिधीपत्र देऊन सामील झालेले असे दोघेही येतात. डोकी मोजताना एकाच्या दोन सदनिका असल्या तरी तो एकच मालक, आणि पतिपत्नींच्या संयुक्त नावावर सदनिका असली तरी तेही मिळून एकच. मूळ कागदात ‘तेस्ते’, म्हणजे अक्षरशः ‘डोकी’, असा शब्द दिसला तर तेथे ‘मालकसंख्या’ लिहावे.

‘मिल्लेझिमी’ म्हणजे शेअर का?

‘शेअर’ किंवा ‘भाग’ म्हटले की भागदाखला डोळ्यांपुढे येतो, म्हणून हे दोन्ही शब्द वर्ज्य करावेत. संपूर्ण इमारतीचे मूल्य एक हजार धरून प्रत्येक सदनिकेला त्यातले किती, हे सांगणारा आकडा म्हणजे मिल्लेझिमी. ‘हजारांश’ हा शब्द नेमका बसतो. ‘क्वोता’ या शब्दाला मात्र ‘वाटा’ म्हणावे, कारण तो बहुधा खर्चाच्या रकमेबद्दल असतो.

खरी ठेच शब्दाला नव्हे, आकड्याला लागते. इटलीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे आणि हजारांचे गट टिंबाने वेगळे करतात. तक्त्यातील ‘74,500’ म्हणजे साडेचौऱ्याहत्तर हजारांश. मराठी वाचक तेच चौऱ्याहत्तर हजार पाचशे असे वाचणार. उलट ‘48.000,00’ युरो म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. तेथे केवळ टिंब पाहून अठ्ठेचाळीस समजणारेही असतात. भाषांतरात सर्व आकडे आपल्या पद्धतीने बदलून घ्यावेत आणि तसे केल्याची एक ओळ सुरुवातीला द्यावी. अर्धे आकडे इटालियन आणि अर्धे मराठी वळणाचे ठेवण्यापेक्षा सगळे मूळचेच ठेवलेले बरे.

एकाच सदनिकेचे हजारांश वेगवेगळ्या पानांवर वेगळे का दिसतात?

बहुतेक इमारतींत एकापेक्षा अधिक तक्ते (ताबेल्ले) असतात. मालकीच्या मूल्याचा सर्वसाधारण तक्ता सहसा ‘ताबेल्ला आ’ म्हणून येतो आणि मतांचे वजन त्यावरूनच ठरते. जिना आणि लिफ्ट यांचा खर्च मात्र कायद्याप्रमाणे निम्मा मूल्यावर आणि निम्मा मजल्याच्या उंचीवर वाटला जातो, म्हणून त्याचा तक्ता वेगळा. आपल्या उदाहरणातील पहिल्या मजल्यावरच्या सदनिकेचे सर्वसाधारण तक्त्यात 74.5 हजारांश आहेत आणि लिफ्टच्या तक्त्यात 31.2. लिफ्टच्या देखभालीचे 3,000 युरो वाटायचे असतील तर तिच्या वाट्याला 93.60 युरो येतात. चुकून पहिला तक्ता धरला तर 223.50 युरो येतील. म्हणून ‘हजारांशांनुसार’ एवढे मोघम न लिहिता प्रत्येक वेळी तक्त्याचे नाव द्यावे.

खर्चाच्या विषयांत ‘प्रेवेन्तीवो’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा वाटतो. तसे का?

कारण तो खरोखरच निराळा आहे. येणाऱ्या वर्षाच्या खर्चाचे जे अंदाजपत्रक सभेपुढे ठेवतात, ते प्रेवेन्तीवो. आणि भिंतीची दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराने दिलेले दरपत्रक, तेही प्रेवेन्तीवोच. विषयपत्रिकेत मागेपुढे कंत्राटदाराचे नाव किंवा कामाचे वर्णन असेल तर ‘दरपत्रक’, आणि ‘एझेरचीत्सिओ’ म्हणजे हिशेबाचे वर्ष असेल तर ‘अंदाजपत्रक’, अशी ओळख ठेवावी. या वर्षाला ‘आर्थिक वर्ष’ म्हणू नये, कारण मराठी वाचक लगेच एप्रिल ते मार्च धरतो. इटलीत ते इमारतीनुसार जानेवारीपासून असू शकते किंवा ऑक्टोबरपासूनही.

झालेल्या खर्चाचा वार्षिक हिशेब म्हणजे ‘रेन्दिकोन्तो’ किंवा जुन्या सवयीने ‘कोन्सुन्तीवो’. त्यातून निघणारी ‘कोन्ग्वाल्यो’ ही फरकाची रक्कम. ती मालकाला द्यायची आहे की त्याला परत मिळायची आहे, हे तक्त्याच्या चिन्हांचा खुलासा वाचूनच लिहावे, कारण उणे चिन्हाचा अर्थ सगळे व्यवस्थापक एकसारखा ठेवत नाहीत. ‘रिपार्तो’ म्हणजे खर्चाची वाटणी आणि ‘राता’ म्हणजे हप्ता. मंजूर वाटणीला क्षुल्लक समजू नये: तिच्या आधारावर थकबाकीदाराविरुद्ध न्यायालयाकडून तत्काळ वसुलीयोग्य आदेश मिळवता येतो.

‘मंजूर केले’ असे कोठे लिहावे आणि कोठे लिहू नये?

इतिवृत्तातील क्रियापदे जपून निवडलेली असतात आणि मराठीतली आपली ‘सर्वानुमते मंजूर’ची सवय त्या सगळ्यांवरून इस्त्री फिरवते. ‘आप्प्रोवा’ असेल तेथेच ‘मंजुरी देते’ लिहावे. ‘प्रेन्दे आत्तो’ म्हणजे सभेने फक्त नोंद घेतली. व्यवस्थापकाने छपराच्या गळतीची माहिती दिली आणि सभेने नोंद घेतली, याचा अर्थ खर्चाला होकार मिळाला असा नव्हे. ‘दा मान्दातो’ म्हणजे व्यवस्थापकाला एखादे काम सोपवले, जसे तीन दरपत्रके मागवण्याचे. तेथेही खर्च अजून ठरलेला नाही. ‘रातीफिका’साठी मराठी कार्यालयीन भाषेत तयार शब्द आहे: ‘कार्योत्तर मंजुरी’. तातडीची पाइपदुरुस्ती व्यवस्थापकाने आधीच करून घेतली आणि सभेपुढे मागाहून आणली, तर हाच शब्द वापरावा.

सूचक आणि अनुमोदक यांची नावे इटालियन इतिवृत्तात नसतात. ती नाहीत म्हणून इतिवृत्त अपुरे समजण्याचे कारण नाही. तेथे त्याऐवजी कोणी बाजूने, कोणी विरोधात आणि कोण तटस्थ, हे नावांसह व हजारांशांसह दिलेले असते.

एका इतिवृत्तातले आकडे प्रत्यक्ष तपासून दाखवता येतील का?

आपली सभा 13 मे रोजी दुसऱ्या बोलावणीत भरली. इतिवृत्ताच्या सुरुवातीच्या ओळीचे भाषांतर असे होईल: ‘बारापैकी सात मालक स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत उपस्थित असून त्यांचे एकूण 548 हजारांश होतात, सबब सभा वैध रीतीने भरली असल्याचे अध्यक्ष जाहीर करतात.’ गणपूर्तीसाठी चार मालक आणि 333.33 हजारांश पुरेसे होते, तेव्हा येथे काही अडत नाही.

पहिला विषय 2024 चा हिशेब. बाजूने पाच मालक, 402 हजारांश. विरोधात एक, 88. तटस्थ एक, 58. तिन्हींची बेरीज 548 येते का, हे आधी पाहावे. येत नसेल तर मधल्या वेळात कोणी सभा सोडून गेल्याची वेळेसह नोंद शोधावी. सात उपस्थितांपैकी चार मते लागत होती, पाच मिळाली, आणि 402 हा आकडा एक तृतीयांशाहून मोठा आहे. हिशेब रीतसर मंजूर झाला. तटस्थ मालक उपस्थितांत मोजला जातो, म्हणून त्याला गाळून ‘सहापैकी पाच’ लिहिणे चूक ठरेल.

दुसरा विषय दर्शनी भिंतीची दुरुस्ती, खर्च 48,000 युरो. बाजूने पाच मालक, 461 हजारांश. विरोधात दोन, 87. इतिवृत्त सांगते: ‘सभा बहुमताने मंजुरी देते.’ डोक्यांचे बहुमत स्पष्ट आहे. परंतु हे काम मोठ्या प्रमाणावरच्या दुरुस्तीत मोडत असेल तर निम्मे मूल्य, म्हणजे 500 हजारांश लागतात आणि 39 कमी पडतात. किती रकमेपासून दुरुस्ती मोठी समजायची, याचा आकडा कायद्यात नाही. इमारत, खर्च आणि कामाचे स्वरूप पाहून ते ठरते.

मग अशा वेळी भाषांतरकाराने ‘ठराव अवैध’ असे लिहावे का?

लिहू नये. मुळात ‘मंजुरी देते’ असेल तर मराठीतही तेच राहील. भाषांतराखाली वेगळी टीप देऊन आकडे दाखवावेत आणि निष्कर्ष वकिलावर सोडावा. यामागे केवळ व्यावसायिक संकोच नाही. आवश्यक बहुमतापेक्षा कमी मतांनी झालेला ठराव हा इटालियन न्यायालयांच्या दृष्टीने सर्वसाधारणपणे आपोआप रद्दबातल नसतो, तर रद्द करून घेता येण्याजोगा असतो. तीस दिवसांत कोणी आव्हान दिले नाही तर तो सर्वांना बंधनकारक राहतो. 74.5 हजारांशांच्या मालकाला सर्वसाधारण तक्त्यानुसार 3,576 युरो द्यावेच लागतील. ‘अवैध’ हा शब्द वाचून तो निवांत बसला, तर भाषांतरानेच त्याचे नुकसान केले असे होईल. अशा कामासाठी तेवढ्याच रकमेचा विशेष निधी उभारणेही सक्तीचे असते. काम टप्प्याटप्प्याने देय असेल तर निधीही टप्प्यांनी जमवता येतो. इतिवृत्तात ‘फोन्दो स्पेचाले’ दिसले तर तो आपल्याकडचा सिंकिंग फंड नव्हे, त्या एका कामापुरता निधी होय.

ते तीस दिवस कधीपासून मोजायचे?

विरोधात मत दिलेल्या किंवा तटस्थ राहिलेल्या मालकासाठी सभेच्या तारखेपासून, आणि गैरहजर मालकासाठी इतिवृत्त त्याला कळवले गेल्याच्या तारखेपासून. म्हणूनच ‘आस्तेनूतो’ (तटस्थ) आणि ‘आस्सेन्ते’ (गैरहजर) हे दोन दिसायला सारखे शब्द अदलाबदल होऊ देऊ नयेत. भाषांतर हाती येईपर्यंत मुदत थांबत नाही, त्यामुळे घाई असेल तर उपस्थितांची यादी आणि मतांचे आकडे आधी भाषांतरित करून द्यावेत, चर्चेचा भाग मागाहून. न्यायालयात जाण्यापूर्वी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे, हेही वाचकाला ठाऊक असावे.

भारतात असलेल्या मालकाने प्रतिनिधी नेमायचा असेल तर?

नोटिशीच्या शेवटी ‘देलेगा’चा एक कोरा मजकूर जोडलेला असतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत प्रतिनिधी चालत नाही, त्यामुळे आपले लोक त्याकडे पाहत नाहीत; इटलीत मात्र लेखी प्रतिनिधीपत्र पूर्णपणे मान्य आहे. ते व्यवस्थापकाच्या नावाने देता येत नाही. मालक वीसपेक्षा जास्त असतील तर एका प्रतिनिधीला एकूण मालकांच्या आणि मूल्याच्या एक पंचमांशापेक्षा अधिकांचे प्रतिनिधित्व करता येत नाही. आपल्या बारा मालकांच्या इमारतीला ही मर्यादा लागू नाही. प्रतिनिधीपत्राचे मराठी भाषांतर फक्त समजून घेण्यासाठी करावे आणि सही इटालियन प्रतीवर करावी. कोणत्या विषयावर कसे मत द्यायचे, हे प्रतिनिधीला लेखी कळवून ठेवावे, विशेषतः हजारांश काठावर असतील तेव्हा. आपल्या उदाहरणात 40 हजारांशांच्या एखाद्या गैरहजर मालकाने भिंतीच्या दुरुस्तीच्या बाजूने प्रतिनिधीपत्र पाठवले असते, तर 461 चे 501 झाले असते.

‘वारिए एद एवेन्तुआली’ म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ का?

शब्दयोजना म्हणून ते चालून जाते, परंतु अपेक्षा वेगळी ठेवावी. इटलीत विषयपत्रिका विशिष्ट असावी लागते, म्हणून या शीर्षकाखाली चर्चा आणि सूचना होतात. खर्चाचा ठराव तेथे घेतला तर तो आव्हानाला मोकळा राहतो. इतिवृत्तात या कलमाखाली एखादी रक्कम मंजूर झालेली दिसली, तर भाषांतरात ती ठळक करून नोटिशीतील विषयांशी ताडून पाहावी.